भाव उतरला, खरेदी वाढली: त्यातली किती स्वस्ताईमुळे आणि किती ऐपतीमुळे?

एखाद्या गोष्टीचा भाव उतरला की तिचा खप वाढतो, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. पण खप वाढतो तो दोन निरनिराळ्या कारणांनी. एक म्हणजे ती गोष्ट आता बाकीच्या गोष्टींच्या तुलनेत स्वस्त पडते, म्हणून माणूस बाकीकडे हात आखडता घेऊन तिच्याकडे वळतो. दुसरं म्हणजे तेवढ्याच पैशात आता आधीपेक्षा जास्त येतं. पगार वाढलेला नसतो, पण ऐपत वाढलेली असते, आणि ऐपत वाढलेला माणूस खरेदी बदलतोच. पहिल्याला पर्यायता परिणाम म्हणतात आणि दुसऱ्याला उत्पन्न परिणाम.

गोम अशी की दोन्ही एकाच वेळी घडतात. बिलावर दिसतो तो एकच आकडा: आधी इतकं घेत होता, आता इतकं घेतो. त्या आकड्याचे दोन तुकडे करायचे तर आकृतीत एक तुटक रेषा काढावी लागते, आणि बहुतेक विद्यार्थी नेमके तिथेच अडखळतात. आकृती पाठ होते, पण ती रेषा कुठून आली हे कळत नाही. म्हणून सगळा भर त्या एका रेषेवर देऊ.

## आधी कागदावर दोन गोष्टी

उदाहरण इंटरनेट डेटाचं घेऊ. आपल्या ग्राहकाकडे महिन्याला २४० नाणी आहेत (देश आणि चलन कोणतंही समजा). एक जीबी डेटाला ४ नाणी पडतात. डेटा सोडून बाकी जे काही तो घेतो, ते सगळं एकाच गाठोड्यात टाकू आणि त्याचं एक नग म्हणजे एका नाण्याची खरेदी असं धरू. आडव्या अक्षावर डेटा, उभ्या अक्षावर 'बाकी सगळं'.

सगळे पैसे डेटावर घातले तर ६० जीबी येतात, डेटा अजिबात नाही घेतला तर बाकीचे २४० नग येतात. हे दोन बिंदू जोडणारी सरळ रेषा म्हणजे अंदाजपत्रक रेषा. खिसा पूर्ण रिकामा करून जे जे घेता येतं ते सगळं या रेषेवर असतं. तिचा उतार म्हणजे बाजाराचा अदलाबदलीचा दर: एक जीबी हवा तर बाकीचे चार नग सोडा.

आता आवड. ग्राहकाला सारखंच समाधान देणारे सगळे संच जोडले की मिळतो तो समवृत्ती वक्र. काही पुस्तकांत याला तटस्थता वक्र म्हटलेलं असतं. डोंगराच्या नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा असतात, तसंच हे. एकाच वक्रावर कुठेही उभे राहा, उंची तीच. वरच्या उजव्या बाजूच्या वक्रावर गेलात की उंची वाढली.

आपल्या ग्राहकाची आवड सोप्यात सोपी धरू: डेटाचे जीबी आणि बाकीचे नग यांचा गुणाकार जितका मोठा, तितका तो जास्त खूश. म्हणजे ३० जीबी आणि १२० नग (गुणाकार ३६००), ४० जीबी आणि ९० नग (तेही ३६००), ६० जीबी आणि ६० नग (पुन्हा ३६००) हे तिन्ही संच त्याला सारखेच. हे तिन्ही बिंदू एकाच वक्रावर येतात.

मग तो विकत काय घेईल? रेषेवर राहून ज्या सर्वांत उंच वक्राला हात लागतो, तो संच. आकृतीत हा बिंदू असा ओळखू येतो की तिथे वक्र रेषेला फक्त स्पर्श करतो, छेदत नाही. आपल्या आकड्यांत हा संच ३० जीबी आणि १२० नगांचा. खात्री करून बघा: रेषेवरूनच थोडं सरकून ४० जीबी आणि ८० नग घेतले तर गुणाकार ३२००, उलटीकडे २० जीबी आणि १६० नग घेतले तरी ३२००. दोन्हीकडे घसरणच.

## भाव चारावरून एकावर येतो

डेटाचा भाव जीबीला ४ वरून १ नाण्यावर आला. रेषेचं वरचं टोक जागेवरच राहतं, कारण डेटा न घेणाऱ्याला काहीच फरक पडलेला नाही. आडव्या अक्षावरचं टोक मात्र ६० वरून २४० वर सरकतं. या चपट्या रेषेवर नवा स्पर्शबिंदू आहे १२० जीबी आणि १२० नग. डेटा ३० वरून १२० वर गेला, म्हणजे ९० जीबींची वाढ. बाकी सगळं १२० होतं, १२० च राहिलं.

हा १२० चा आकडा लक्षात ठेवा. वरवर बघणारा म्हणेल की डेटा स्वस्त झाल्याचा बाकीच्या खर्चावर काहीच परिणाम झाला नाही. हे चूक आहे, आणि का चूक आहे ते तुटक रेषा काढल्याशिवाय कळत नाही.

## तुटक रेषा म्हणजे काय?

कल्पना अशी करायची. भाव उतरला आहे, पण कोणीतरी ग्राहकाच्या खिशातून इतके पैसे काढून घेतले की तो भाव उतरण्याआधी होता तितकाच सुखी राहिला, त्याहून जास्तही नाही आणि कमीही नाही. स्वस्ताईने दिलेली ऐपत काढून घेतली, उरला तो फक्त बदललेला दर. अशा स्थितीत त्याने खरेदीत जो बदल केला, तो निव्वळ पर्यायता परिणाम.

आकृतीत याचा अर्थ दोन अटी. नव्या भावाने वागायचं आहे, म्हणून तुटक रेषा नव्या रेषेला समांतर हवी. जुनं समाधान कायम ठेवायचं आहे, म्हणून ती जुन्या वक्राला स्पर्श करायला हवी. नवी रेषा पट्टीने तिचा उतार न बदलता आतल्या बाजूला सरकवत आणायची आणि जुन्या वक्राला टेकली की थांबायचं.

आपल्या आकड्यांत नवा दर एकास एक आहे. गुणाकार ३६०० देणारा आणि त्या दराने सर्वांत स्वस्तात पडणारा संच म्हणजे ६० जीबी आणि ६० नग. त्याला लागतात १२० नाणी. म्हणजे २४० पैकी १२० नाणी काढून घेतली तरी हा ग्राहक पूर्वीइतकाच सुखी आहे.

आता वाटणी समोर आली. ३० पासून ६० जीबी हा पर्यायता परिणाम. मग ती १२० नाणी परत खिशात टाका: तो ६० वरून १२० जीबीवर जातो, आणि हा उत्पन्न परिणाम. नव्वदपैकी तीस एका कारणाचे, साठ दुसऱ्याचे.

आणि तो 'काहीच परिणाम न झालेला' बाकीचा खर्च? पहिल्या टप्प्यात तो १२० वरून ६० वर आला, म्हणजे डेटा स्वस्त झाल्यामुळे ग्राहकाने बाकीची खरेदी निम्म्यावर आणली. दुसऱ्या टप्प्यात वाढलेल्या ऐपतीने ती ६० वरून परत १२० वर नेली. दोन मोठ्या हालचालींनी एकमेकींना तंतोतंत पुसून टाकलं. या दोन इतक्या अचूक जुळल्या ते आपण निवडलेल्या गुणाकाराच्या सूत्रामुळे. प्रत्यक्षात क्वचितच असं होईल, पण अंशतः पुसलं जाणं नेहमीचंच आहे.

परीक्षेच्या वहीत इथे होणारी ठरावीक चूक म्हणजे तुटक रेषा जुन्या रेषेला समांतर काढून ती जुन्याच वक्राला टेकवायचा प्रयत्न करणं. तसं केलं तर ती जुन्या रेषेवरच जाऊन बसते आणि पर्यायता परिणाम शून्य येतो. मधला बिंदू पहिल्या बिंदूच्या डावीकडे पडला तरी समजावं की कुठेतरी वक्र चुकला आहे.

## पण समाधान मोजणार कसं?

हा आक्षेप रास्त आहे. ३६०० हा आकडा कोणाच्या डोक्यात लिहिलेला नसतो. खरं तर तो आकडा लागतही नाही, फक्त क्रम लागतो. गुणाकाराऐवजी त्या गुणाकाराचा वर्ग घेतला तरी वक्र तेच राहतात, बिंदू तेच राहतात. १९३४ मध्ये जॉन हिक्स आणि रॉय ॲलन या दोघांनी ही मांडणी रुळवली ती याच मुद्द्यावर: समाधान किती ते विचारू नका, कोणता संच कोणत्यापेक्षा बरा एवढंच विचारा. वर काढली ती तुटक रेषा हिक्स यांच्या नावाने ओळखली जाते.

तरीही वक्र दिसत नाही हे खरंच. त्यावर आणखी साधा उपाय त्याच्या बराच आधी, १९१५ मध्ये, येवगेनी स्लुत्स्की यांनी एका इटालियन नियतकालिकात मांडला होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो लेख फारसा कोणाच्या नजरेस पडला नाही आणि त्याचं मोल वीसेक वर्षांनी कळलं. स्लुत्स्कींच्या पद्धतीत जुनं समाधान राखायचं नसतं, जुना संच राखायचा असतो. म्हणजे खिशात इतकेच पैसे ठेवायचे की ग्राहकाला वाटलं तर तो जुनीच खरेदी नव्या भावाने जशीच्या तशी करू शकेल. हे कोणत्याही बिलावरून काढता येतं: ३० जीबी एका नाण्याने आणि १२० नग एका नाण्याने, मिळून १५० नाणी. म्हणजे ९० नाणी काढून घ्यायची.

स्लुत्स्कींची तुटक रेषा नव्या रेषेला समांतरच असते, पण ती जुन्या वक्राला टेकत नाही, जुन्या बिंदूतून आरपार जाते. त्यामुळे ती वक्राला छेदते आणि ग्राहकाला किंचित वरच्या वक्रावर जायची वाट मोकळी राहते. १५० नाण्यांत आपला ग्राहक घेईल ७५ जीबी आणि ७५ नग, गुणाकार ५६२५. इथे पर्यायता परिणाम ४५ जीबींचा येतो आणि उत्पन्न परिणामही ४५ चा.

## पर्यायता परिणाम उलटा जाऊ शकतो का?

नाही, आणि याचं कारण स्लुत्स्कींच्या रेषेवर वक्राशिवायही दाखवता येतं. मला हा या विषयातला सर्वांत देखणा भाग वाटतो.

समजा भाव उतरल्यावर, खिशात १५० नाणी असताना, कोणी म्हणालं की मी आता ३० ऐवजी २० जीबीच घेतो आणि बाकीचे १३० नग घेतो. हा संच जुन्या भावाने कितीला पडला असता? डेटाचे ८० आणि बाकीचे १३०, एकूण २१०. म्हणजे २४० नाणी हातात असताना तो संच त्याला सहज परवडत होता. तरीही त्याने तो न घेता ३० आणि १२० चा संच घेतला होता. तेव्हा जो संच नाकारला तो आता, जुना संच अजूनही परवडत असताना, त्याने पसंत केला तर त्याच्या आवडीतच विसंगती आहे. त्या रेषेवर ३० जीबींच्या डावीकडचा कोणताही बिंदू घ्या, हेच होतं. म्हणून माणसाची आवड मधल्या काळात पालटली नसेल तर स्वस्त झालेल्या गोष्टीकडे तो वळेल किंवा जागेवर राहील, तिच्यापासून दूर जाणार नाही.

जागेवर राहण्याचं उदाहरण म्हणजे कुलूप आणि किल्ली. एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही, म्हणून अदलाबदलीला वावच नाही. तिथे वक्र काटकोनी असतो आणि सगळी वाढ उत्पन्न परिणामाची.

## दोन पद्धती, दोन उत्तरं. खरं कोणतं?

नव्वदची वाटणी एकदा तीस-साठ, एकदा पंचेचाळीस-पंचेचाळीस. यात तिसरीही भर घालतो. आपण आधी दर बदलू दिला आणि मग ऐपत. क्रम उलटा करून बघा: आधी जुन्याच भावाने ग्राहकाला इतके पैसे द्या की तो थेट नव्या वक्रावर पोचेल. गुणाकार १४,४०० हवा आणि डेटाचा भाव ४ आहे, तर ४८० नाणी लागतात आणि तो ६० जीबी घेतो. मग भाव उतरवा आणि जास्तीचे पैसे काढून घ्या, तो १२० वर जातो. आता उत्पन्न परिणाम ३० आणि पर्यायता परिणाम ६०. पहिल्या वाटणीच्या अगदी उलट!

यातलं कोणतंच उत्तर खोटं नाही. प्रत्येक वाटणी वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि प्रश्न कोणता हे सांगितल्याशिवाय 'उत्पन्न परिणाम किती' असं विचारणं अर्धवट आहे. आकडे इतके दूर गेले कारण भाव एकदम चौथ्या हिश्शावर आणला. भाव ४ वरून ३.६१ वर आणून तेच गणित केलं, तर डेटा एकूण ३.२४ जीबींनी वाढतो आणि पर्यायता परिणाम तिन्ही पद्धतींनी अनुक्रमे १.५८, १.६२ आणि १.६६ येतो. बदल जितका बारीक, तितका हा वाद मिटत जातो.

यातून एक उपयोगाची गोष्टही हाती लागते. स्वस्ताईचा ग्राहकाला फायदा किती? सरळ हिशेब करणारा म्हणेल, ३० जीबी घेत होता, प्रत्येकी ३ नाणी वाचली, ९० चा फायदा. पण हिक्सच्या रेषेने १२० नाणी काढून घेतली तेव्हा कुठे तो पूर्वीच्या पातळीवर आला. वरची ३० नाणी कुठून आली? खरेदी बदलण्याच्या मोकळिकीतून. जुनाच संच घेत राहण्याची सक्ती असती तर फायदा ९० वरच थांबला असता.

## भाव उतरूनही खरेदी कमी झाली तर?

पर्यायता परिणामाची दिशा पक्की आहे, उत्पन्न परिणामाची नाही. ऐपत वाढली की काही वस्तू माणूस कमी घेतो, कारण तो त्याहून चांगल्या गोष्टीकडे जातो. अशा वस्तूंना हलक्या प्रतीच्या वस्तू म्हणतात. त्यांच्या बाबतीत तुटक रेषेवरून नव्या रेषेवर जाताना बिंदू उजवीकडे न जाता डावीकडे सरकतो. बहुतेक वेळा ही माघार पहिल्या टप्प्यातल्या वाढीपेक्षा लहान असते, त्यामुळे एकूण खप वाढतोच.

माघार वाढीपेक्षा मोठी झाली तर ती गिफेन वस्तू. हे घडायला वस्तू नुसती हलक्या प्रतीची असून भागत नाही. तिच्यावर खर्चाचा बराच मोठा हिस्सा जायला हवा, नाहीतर भाव उतरल्याने ऐपत फारशी वाढणारच नाही. शिवाय माणूस इतका तंगीत हवा की पोट भरण्यासाठी त्याच वस्तूवर भिस्त असेल. कल्पना आल्फ्रेड मार्शल यांनी १८९५ मध्ये रॉबर्ट गिफेन यांच्या नावावर मांडली, पण ठोस पुरावा मिळायला शतकाहून अधिक काळ लागला. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी चीनच्या हुनान प्रांतातल्या गरीब कुटुंबांना काही महिने तांदळावर सवलत दिली. तांदूळ स्वस्त झाल्यावर त्या घरांतला तांदळाचा वापर घटला, सवलत काढल्यावर पुन्हा वाढला. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वाचलेल्या पैशांतून लोक ताटात इतर पदार्थ आणू शकत होते, म्हणून भात कमी लागत होता.

## एवढी चिरफाड कशाला?

कारण सरकारं कधीकधी ही चिरफाड खरोखर अमलात आणतात. इंधनावर कर लावायचा आणि गोळा झालेला पैसा लोकांना परत वाटायचा, अशी योजना निघाली की हमखास प्रश्न येतो: पैसे परतच द्यायचे तर कर लावून काय साधलं? माणूस ते पैसे घेऊन पुन्हा तेवढंच इंधन नाही का भरणार?

आकृती याचं उत्तर देते, फक्त दिशा उलटी धरायची. कराने भाव चढला की ऐपत घटते आणि दरही बदलतो. पैसे परत मिळाले की ऐपतीचा बराचसा भाग भरून निघतो, पण पंपावरचा भाव चढलेलाच असतो. परत आलेल्या पैशाने जुनाच संच घेता येत असेल तर आपण स्लुत्स्कींच्या रेषेवर उभे आहोत, आणि त्या रेषेवर महाग झालेल्या वस्तूकडून माणूस दुसरीकडे वळतो हे वर पाहिलं. तो किती वळेल हे मात्र पर्याय किती हाताशी आहेत यावर ठरतं. जिथे बस नाही, रेल्वे नाही, तिथे वक्र जवळपास काटकोनी असतो आणि इंधनाचा वापर फारसा हलत नाही.

आणि परतावा कसा वाटला याने सगळं गणित फिरतं. प्रत्येकाला सारखीच रक्कम दिली तर ज्याच्या त्याच्या पुढ्यातला इंधनाचा भाव चढाच राहतो. पण ज्याने जितका कर भरला तितकाच त्याला परत दिला, तर त्याच्यासाठी लिटरमागचा खरा भाव मुळी बदललाच नाही. रेषेचा उतार जुनाच, स्पर्शबिंदू जुनाच, आणि पर्यायता परिणाम शून्य.